‘रवा’ आणि ‘खा’ यांतला फरक: बनावट वेबपत्त्यातली बदललेली अक्षरे कशी ओळखावीत

प्रश्न: आईच्या फोनवर पोस्टाच्या नावाने मेसेज आला: पत्ता अपूर्ण असल्यामुळे पार्सल गोदामात थांबले आहे, २४ तासांत लिंकवर पत्ता भरा. लिंकमध्ये इंडियापोस्ट होते, गव्ह डॉट इनही होते, आणि उघडल्यावर https दिसत होते. मी दोनदा वाचली आणि खरीच समजलो. अशी अक्षरे बदललेली लिंक नेमकी ओळखायची कशी? बँकेच्या लिंकलाही हेच लागू होते का?

उत्तर: तुम्ही दोनदा वाचूनही फसलात यात तुमच्या नजरेचा दोष नाही. मी गेली अनेक वर्षे बँकांच्या ग्राहकांना आलेल्या बनावट लिंक तपासण्याचे काम करतो आणि अशी एक लिंक मीही खरी म्हणून बाजूला ठेवली होती. ती छापील कागदावर बारीक टंकात समोर आली होती आणि मी ती डोळ्यांनी जुळवून पाहिली होती. त्या दिवसापासून मी एक नियम पाळतो: पत्ता खरा आहे का, हे नुसत्या डोळ्यांनी ठरवायचे नाही. वाचताना आपण सुटी अक्षरे वाचत नाही, ओळखीच्या शब्दाचा आकार ओळखतो, आणि बनावट पत्ता नेमका त्याच आकारात बेतलेला असतो. म्हणून पत्ता अशा रीतीने तपासावा की ज्यात आकाराला काहीच महत्त्व उरणार नाही.

मराठी वाचणाऱ्याला ही अडचण नवी नाही. हाताने लिहिलेल्या यादीत ‘रवा’ हा शब्द ‘खा’ असा वाचला जातो, घाईत लिहिलेला ‘ध’ आणि ‘घ’ एकसारखे दिसतात, ‘भ’ आणि ‘म’ यांचीही गल्लत होते. रोमन लिपीत हीच गोष्ट `rn` आणि `m` यांच्या बाबतीत घडते. तिथेही दोन अक्षरे शेजारी आली की तिसऱ्याचाच भास होतो. फरक इतकाच, की वाण्याच्या यादीत संदर्भावरून चूक लगेच उमगते, आणि वेबपत्त्यात मात्र संगणक संदर्भ पाहत नाही. त्याच्यासाठी ती दोन सर्वस्वी वेगळी नावे असतात आणि दोन वेगळ्या मालकांकडे नेतात.

तुमच्याकडे आलेल्या प्रकारची लिंक उदाहरणासाठी घेऊ. खालचा पत्ता मी स्वतः रचला आहे. त्याच्या शेवटी `.example` हे नाव मुद्दाम घातले आहे, कारण ते केवळ उदाहरणांसाठी राखून ठेवलेले असल्यामुळे तिथे कोणाचीही साइट असू शकत नाही. खऱ्या मेसेजमध्ये त्या जागी `.top` किंवा `.vip` यांसारखे स्वस्तात मिळणारे एखादे नाव असते.

```
https://lndiapost.gov.in-parcel.example/u/7Kq2
```

आधी अक्षरांकडे पाहू नका. सर्वांत आधी हा पत्ता कोणाच्या मालकीचा आहे ते शोधा, कारण निम्म्याहून जास्त लिंकचा निकाल माझ्या अनुभवात इथेच लागतो. त्यासाठी `https://` एवढा भाग सोडून द्या आणि त्यानंतर येणारी पहिली तिरपी रेघ शोधा. वरच्या उदाहरणात ती `example` या शब्दानंतर आहे. त्या रेघेच्या उजवीकडचे सगळे बाजूला ठेवा. आता रेघेपासून डावीकडे, म्हणजे उलट्या दिशेने, एकेक टिंब ओलांडत वाचा. पहिला तुकडा `example`, त्याच्या आधीचा तुकडा `in-parcel`. इथेच थांबायचे, कारण मालकाने पैसे भरून नोंदवलेले नाव `in-parcel.example` एवढेच आहे. त्याच्याही डावीकडे असलेले `lndiapost` आणि `gov` हे तुकडे मालकाने स्वतःच्या मर्जीने जोडलेले असतात. ते जोडायला कोणाची परवानगी लागत नाही आणि कोणी ते तपासतही नाही. घराच्या दारावर ‘टपाल कार्यालय’ अशी पाटी लावल्याने ते घर पोस्टाचे होत नाही, तसेच हे आहे.

या उदाहरणातली खरी फसगत एका आडव्या रेघेत आहे. `gov.in` यानंतर टिंब किंवा तिरपी रेघ न येता छोटी आडवी रेघ आली आहे, त्यामुळे `in` हा पत्त्याचा शेवट न राहता `in-parcel` या नव्या शब्दाची सुरुवात झाला. टिंब तुकडे पाडते, आडवी रेघ तुकडे जोडते. एवढे एक लक्षात राहिले तरी ‘गव्ह डॉट इन’ दिसले म्हणून विश्वास ठेवण्याची चूक होणार नाही. खरे संकेतस्थळ असते, तर पहिल्या तिरप्या रेघेच्या लगेच डावीकडे `indiapost.gov.in` असे आले असते. `gov.in` खाली नाव केवळ सरकारी संस्थांनाच मिळते, म्हणून अशा पत्त्यात शेवटचे दोन नव्हे, तीन तुकडे पाहावे लागतात. `co.in` आणि बँकांसाठीचे `bank.in` यांनाही तीन तुकड्यांचाच हिशेब लागू होतो.

आता अक्षरांकडे वळू. वरच्या पत्त्यातला पहिला शब्द तुम्ही ‘इंडियापोस्ट’ असा वाचला असेल, पण त्याचे पहिले अक्षर मोठ्या लिपीतला आय नाही, छोट्या लिपीतला एल आहे. फोनच्या मेसेजमध्ये वापरल्या जाणाऱ्या बहुतेक टंकांत हे दोन्ही एकेक उभ्या रेघेसारखेच दिसतात. कोणी म्हणेल, डावीकडचे तुकडे मर्जीने लिहिता येतात, तर मग तिथे खरे `indiapost` न लिहिता एल का वापरावा? याचे एक कारण असे, की ओळखीच्या संस्थांची नावे शोधून संशयित मेसेज अडवणाऱ्या यंत्रणा अक्षरशः जुळणारे नाव शोधतात, आणि अक्षर बदलले की नाव त्यांच्या जाळ्यातून निसटते. मालकीच्या तुकड्यात मात्र अक्षर बदलणे त्यांना भागच असते, कारण खरे नाव आधीच खऱ्या संस्थेने घेतलेले असते.

नेहमी आढळणाऱ्या अदलाबदली फार नाहीत. `m` ऐवजी `rn`, `d` ऐवजी `cl`, `w` ऐवजी `vv`, आय आणि एल आणि एक हा अंक यांची आपसांत अदलाबदल, आणि ओ या अक्षराच्या जागी शून्य. म्हणजे `maharashtra` हा शब्द `rnaharashtra` असा येतो आणि `indiapost` हा `incliapost` असा. हे शांतपणे, मोठ्या टंकात वाचताना लगेच लक्षात येते, पण बसमध्ये उभ्याने, फोनच्या अरुंद पडद्यावर, ‘२४ तासांत पार्सल परत जाईल’ हे वाक्य वाचल्यानंतर येत नाही.

यांतल्या बहुतेकांना उघडे पाडणारी एक सोपी युक्ती आहे. संशयित पत्ता मोठ्या लिपीत, म्हणजे कॅपिटल अक्षरांत, बदलून पाहा. `lndiapost` मोठ्या लिपीत `LNDIAPOST` होतो आणि एल लपू शकत नाही. `rnaharashtra` हा `RNAHARASHTRA` होतो, `incliapost` हा `INCLIAPOST` होतो. अक्षराचा आकार बदलला की भास संपतो. संगणकावर वर्डमध्ये मजकूर निवडून Shift आणि F3 ही बटणे एकत्र दाबली की लिपी बदलते, पाहिजे ते रूप येईपर्यंत पुन्हा दाबावे लागते. शून्याच्या बाबतीत मात्र उलटे आहे. मोठ्या लिपीतला ओ शून्याच्या अधिकच जवळ जातो, तेव्हा शून्याचा संशय असेल तर पत्ता छोट्या लिपीत पाहावा, म्हणजे ओ बुटका आणि शून्य उंच दिसेल.

याच्याशी जोडलेली एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. वेबपत्त्याच्या नावात मोठी आणि छोटी लिपी असा भेद नसतो, आणि ब्राउझर आपल्या अ‍ॅड्रेस बारमध्ये साइटचे नाव छोट्या लिपीतच दाखवतो. म्हणून मेसेजमध्ये मोठ्या आयच्या जोरावर एल भासवणारे नाव ब्राउझरमध्ये उघडल्यावर आपोआप उघडे पडते, कारण आयवर टिंब येते. याउलट एलला आय भासवणारे नाव उघडल्यावरही एलच राहते, पण आता त्याच्या डोक्यावर टिंब नाही हे दिसते. मेसेजमधले रूप आणि बारमधले रूप वेगळे दिसले, तर तो पत्ता तिथेच सोडून द्यावा.

फोनवर लिपी बदलण्याची सोय सहसा हाताशी नसते. तिथे मी लोकांना दुसरी पद्धत शिकवतो. लिंकवर बोट दाबून धरा, ‘कॉपी’ निवडा, ती उघडू नका. मग शोध घेण्याची सोय असलेल्या कोणत्याही नोंदवहीच्या अ‍ॅपमध्ये ती चिकटवा आणि त्याच नोंदीत `indiapost` हा शब्द स्वतःच्या बोटांनी टाइप करून शोधा. तो सापडला नाही, तर लिंकमधला शब्द तुम्ही वाचला तो नाही, इतके सिद्ध झाले. इथे तुलना डोळ्याने होत नाही, यंत्र अक्षरामागचा संकेतांक जुळवते. शोधायचा शब्द लिंकमधून कॉपी करून घेऊ नका, नाहीतर बनावट शब्दच बनावट शब्दाशी जुळेल. या पद्धतीला दोन मर्यादा आहेत. शब्द सापडला म्हणजे पत्ता खरा, असे नाही, कारण तो डावीकडच्या फुकट जोडलेल्या तुकड्यात असू शकतो. म्हणून मालकी तपासण्याची पायरी आधी. दुसरे असे, की काही अ‍ॅपमधला शोध अक्षराच्या वरखालच्या खुणांकडे दुर्लक्ष करतो, आणि त्याने पुढे येणाऱ्या एका प्रकारातली काही अक्षरे निसटतात.

त्याआधी परक्या लिपीचा प्रकार पाहू. रशियन भाषा ज्या सिरिलिक लिपीत लिहितात तिच्यात काही अक्षरे रोमन अक्षरांशी तंतोतंत जुळतात: а, е, о, р, с ही छापील रूपात रोमन अक्षरांहून वेगळी करता येत नाहीत, आणि सिरिलिकचा і रोमन आयसारखाच टिंबासह असतो. इथे मोठी लिपीसुद्धा मदत करत नाही, कारण मोठी रूपेही सारखीच आहेत. डोळा कितीही तीक्ष्ण असला तरी तो इथे हरतो, कारण पाहण्यासारखा फरकच नाही. फरक आहे तो आतल्या संकेतांकात. रोमन `i` चा संकेतांक 0x69 आहे आणि सिरिलिक і चा 0x456.

इंटरनेटची नावे पाहणारी मूळ व्यवस्था केवळ रोमन अक्षरे, अंक आणि आडवी रेघ यांवरच चालते. म्हणून इतर लिपीतले नाव आतून `xn--` ने सुरू होणाऱ्या एका रोमन रूपात बदलले जाते. या रूपांतराला प्युनीकोड म्हणतात आणि ते २००३ पासून प्रमाण आहे. २०१७ च्या एप्रिलमध्ये एका संशोधकाने `xn--80ak6aa92e.com` हे नाव नोंदवून दाखवले. त्यातली सगळी अक्षरे सिरिलिक आहेत, आणि त्या वेळच्या क्रोम व फायरफॉक्समध्ये ते अ‍ॅपल कंपनीच्या पत्त्यासारखेच दिसत होते. त्याआधी ब्राउझर एकाच शब्दात दोन लिपी मिसळल्या तर सावध होत असत. पण पूर्ण शब्दच एका परक्या लिपीत लिहिला, तर त्यांना त्यात काही गैर वाटत नसे. क्रोमने ५८ व्या आवृत्तीत हे बदलले, आणि आता अशा नावाऐवजी तो `xn--` चे रूप दाखवतो.

म्हणून पत्ता उघडल्यावर बारमध्ये अचानक `xn--` दिसले आणि मेसेजमध्ये मात्र साधे इंग्रजी नाव होते, तर ती लिंक बनावट आहे असेच समजा. मात्र `xn--` म्हणजे फसवणूक, असे समीकरण बांधू नका. देवनागरीतली `.भारत` ही पत्त्याची अखेर २०१४ मध्ये सुरू झाली, आणि तिचेही आतले रूप `xn--h2brj9c` असेच आहे. मराठी नावाची प्रामाणिक साइटही आतून अशीच लिहिलेली असते. प्रश्न रूपाचा नाही. इंग्रजी दिसणारे नाव आतून इंग्रजी नसणे, हे फसवणुकीचे लक्षण आहे. फायरफॉक्स वापरत असाल, तर अ‍ॅड्रेस बारमध्ये `about:config` लिहून `network.IDN_show_punycode` ही नोंद `true` केल्यास प्रत्येक परक्या लिपीतले नाव `xn--` च्या रूपातच दिसू लागते. ज्यांच्या संगणकावर पायथन आहे, त्यांना एवढे पुरे होते:

```python
for c in input():
    print(c, hex(ord(c)))
```

संशयित नाव त्यात चिकटवले की प्रत्येक अक्षरापुढे त्याचा संकेतांक येतो. 0x7f पेक्षा मोठी संख्या कुठेही दिसली, तर ते अक्षर साध्या इंग्रजीतले नाही.

एक प्रकार या दोन्हींच्या मधला आहे आणि मला तो सर्वांत त्रासदायक वाटतो. व्हिएतनामीसारख्या भाषांत रोमन अक्षराखाली बारीक टिंब येते, उदाहरणार्थ ạ किंवा ị. हे अक्षर रोमन लिपीतलेच असल्याने लिपी मिसळल्याचा इशारा मिळत नाही. आणि मेसेजमध्ये लिंकखाली जी रेघ ओढलेली असते, तिच्यात ते टिंब बुडून जाते. नोंदवहीतला शोध खुणा सोडून देणारा असेल तर तोही फसतो. इथे उपयोगी पडते ती संकेतांकाची तपासणी, किंवा निदान लिंक साध्या मजकुरात चिकटवून, खालची रेघ घालवून, मोठ्या टंकात पाहणे.

तुम्ही https पाहून निश्चिंत झालात. त्याचा अर्थ इतकाच, की तुमचा फोन आणि समोरची साइट यांच्यामधला मजकूर वाटेत कोणाला वाचता येणार नाही. समोर कोण बसले आहे, याची ती हमी नाही. नावाचा ताबा सिद्ध केला की प्रमाणपत्र काही मिनिटांत आणि फुकट मिळते, आणि भामट्याचा त्याच्या बनावट नावावर ताबा असतोच. याच गैरसमजामुळे क्रोमने २०२३ मध्ये पत्त्याशेजारचे कुलपाचे चिन्ह काढून टाकले.

बँकेच्या बाबतीत मूळ पद्धत हीच आहे, पण अलीकडे एक महत्त्वाचा बदल झाला आहे आणि तो तुमच्या उपयोगाचा आहे. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२५ मध्ये बँकांसाठी `.bank.in` ही वेगळी अखेर जाहीर केली आणि ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत बँकांना आपले पत्ते तिच्याखाली नेण्यास सांगितले. महाराष्ट्रात गावोगावी असलेल्या नागरी सहकारी बँका आणि जिल्हा मध्यवर्ती बँकाही यात आल्या. या अखेरीखाली नाव देण्याचा अधिकार हैदराबादच्या आयडीआरबीटी या एकाच संस्थेकडे आहे, आणि ते केवळ बँकांनाच मिळते. त्यामुळे पूर्वी ज्या बँकेचा पत्ता `.com` होता की `.co.in` की आणखी काही, हे लक्षात ठेवावे लागे, तिथे आता एकच प्रश्न उरतो: पहिल्या तिरप्या रेघेच्या लगेच डावीकडे `.bank.in` आहे का?

‘लगेच डावीकडे’ हे शब्द मी जोर देऊन लिहितो, कारण नक्कल आता याच अखेरीची होणार. `bank.in-login.example` मध्ये आडवी रेघ आहे, `bank.in.verify.example` मध्ये पुढे आणखी तुकडे आहेत, आणि या दोन्हींत `bank.in` हा शब्द नुसता सजावटीला आहे. आणखी एक जागा सांभाळण्याची आहे ती शेवटच्या दोन अक्षरांची. `.in` ही भारताची अखेर आणि `.im` ही आयल ऑफ मॅन या बेटाची. दोन्ही खऱ्या आहेत, आणि छोट्या टंकात एन व एम यांत एका पायाचाच फरक आहे. `.com` आणि कॅमेरूनची `.cm` यांच्यातही एका ओचाच फरक आहे. म्हणून उलटे वाचताना पहिला तुकडा अक्षर अक्षर वाचावा, एका झटक्यात नाही.

या बदलामुळे एक गोंधळही उद्भवतो. ब्राउझरमध्ये किंवा पासवर्ड जपणाऱ्या अ‍ॅपमध्ये तुमचा बँकेचा पासवर्ड साठवलेला असेल, तर ते साधन एरवी उत्तम पहारेकरी असते. ते नावाच्या आकाराकडे पाहत नाही, ज्या नेमक्या पत्त्यावर पासवर्ड साठवला त्याच पत्त्यावर तो भरू देते, आणि एका अक्षराचाही फरक असेल तर गप्प राहते. ते गप्प राहिले तर तिथे हाताने पासवर्ड टाइप करू नये, असे मी आजवर सर्वांना सांगत आलो. पण बँकेने पत्ता `.bank.in` वर नेल्यानंतर पहिल्या वेळी ते खऱ्या साइटवरही गप्प राहू शकते, कारण पासवर्ड जुन्या पत्त्यापाशी साठवलेला असतो. अशा वेळी ती साइट बंद करा. बँकेचा नवा पत्ता पासबुकवर पाहून किंवा शाखेत विचारून घ्या, तो स्वतः टाइप करा, आणि तिथेच पासवर्ड नव्याने साठवा. त्यापुढे पहारेकरी पुन्हा कामावर येतो.

पार्सलच्या मेसेजबाबत मात्र अक्षरे तपासण्याच्याही आधीचा एक उपाय आहे. स्पीड पोस्टने येणाऱ्या पार्सलचा क्रमांक तेरा चिन्हांचा असतो: सुरुवातीला दोन अक्षरे, मध्ये नऊ अंक, आणि भारतातून निघालेल्या टपालासाठी शेवटी `IN`. तुमच्या मेसेजमध्ये असा क्रमांक होता का? बनावट मेसेजमध्ये बहुधा नुसते ‘तुमचे पार्सल’ असते, कारण पाठवणाऱ्याला तुमचे पार्सल आहे की नाही हेच ठाऊक नसते. क्रमांक असेल, तर लिंकला हात न लावता `indiapost.gov.in` स्वतः टाइप करून तिथे तो टाकून पाहावा. या प्रकारचे मेसेज २०२४ मध्ये आयफोनवर मोठ्या संख्येने आले. फोर्टिनेट या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांना त्या वर्षाच्या पहिल्या सात महिन्यांत भारतीय टपाल खात्याच्या नावाशी मिळतीजुळती चारशेहून अधिक डोमेन नावे नोंदवलेली आढळली. आयफोनवर अनोळखी प्रेषकाच्या मेसेजमधली लिंक दाबता येत नाही, पण त्याला उत्तर दिले की ती चालू होते. म्हणून अशा मेसेजच्या शेवटी ‘Y असे उत्तर द्या आणि मेसेज पुन्हा उघडा’ असे लिहिलेले असते. ते वाक्य दिसले, की पत्ता तपासण्याचे कष्ट घेण्याचीही गरज नाही.

हेही सांगायला हवे, की अक्षरांची तपासणी प्रत्येक सापळा पकडत नाही. लहान केलेल्या लिंकमध्ये किंवा क्यूआर कोडमध्ये खरा पत्ता उघडेपर्यंत दिसतच नाही. काही बनावट नावांत एकही अक्षर बदललेले नसते, नुसता ‘रीडिलिव्हरी’ किंवा ‘केवायसी’ असा शब्द जोडलेला असतो. अशा वेळी नावाचे वय पाहणे उपयोगी पडते. `lookup.icann.org` वर मालकीचा तुकडा टाकला, तर बऱ्याच नावांच्या बाबतीत नोंदणीची तारीख मिळते. शतकाहून जुन्या टपाल खात्याची साइट गेल्या मंगळवारी नोंदवलेली असेल, तर आणखी पुरावा लागत नाही. जुनी तारीख मात्र खरेपणाचा पुरावा नाही, कारण दुसऱ्या कोणाची जुनी साइट फोडून तिच्या आत बनावट पान ठेवण्याचाही प्रकार चालतो.

आता आईंनी त्या पानावर काय भरले होते, त्यावर पुढचे अवलंबून आहे. ही पाने आधी नाव, पत्ता आणि मोबाइल क्रमांक मागतात, मग पंचवीस रुपयांच्या आसपास शुल्क सांगून कार्डाचा तपशील, आणि शेवटी ओटीपी. रक्कम किरकोळ असल्यामुळे माणूस सैलावतो, पण तोच ओटीपी मागच्या बाजूला वेगळ्याच, मोठ्या व्यवहारासाठी मागवलेला असू शकतो. ओटीपीच्या मेसेजमध्ये रक्कम आणि व्यापाऱ्याचे नाव लिहिलेले असते. ते तिथे लिहिले होते का, हे आईंच्या फोनवर आजच पाहा. केवळ पत्ता भरला असेल, तर नुकसान झालेले नाही, पण यापुढे त्या पत्त्याचा आणि नावाचा उल्लेख करून येणाऱ्या फोनवर विश्वास ठेवू नका. कार्डाचा तपशील दिला असेल, तर आधी बँकेच्या अ‍ॅपमधून कार्ड बंद करा, मग बँकेला कळवून तक्रार क्रमांक घ्या. पैसे गेले असतील, तर १९३० वर फोन करा आणि `cybercrime.gov.in` वर तक्रार नोंदवा. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार ग्राहकाने स्वतः तपशील दिल्यामुळे झालेले नुकसान बँकेला कळवेपर्यंत ग्राहकाचे, आणि कळवल्यानंतर होणारे बँकेचे. म्हणून शाखा उघडण्याची वाट पाहण्यात जो वेळ जातो, त्याची किंमत आपल्याच खिशातून जाते.

तक्रार देताना तो मेसेज पुसून टाकू नका, आणि केवळ स्क्रीनशॉटवरही थांबू नका. स्क्रीनशॉटमध्ये सिरिलिक а आणि रोमन `a` यांतला फरक कायमचा नाहीसा होतो, आणि तपास करणाऱ्यालाही तो चित्रावरून परत मिळवता येत नाही. लिंक कॉपी करून मजकूर म्हणून तक्रारीत चिकटवा, सोबत पाठवणाऱ्याचा क्रमांक आणि मेसेज आल्याची वेळ लिहा. तशी लिंक मिळाली, की कोणते नाव, कोणाकडे आणि कोणत्या दिवशी नोंदवले गेले ते शोधता येते आणि ते पान बंद करवण्याची मागणी करता येते.